क्रियापदाची जागा, क्रियापदाचा काळ

साशंक : मॅडम, प्रबंधांचं इंग्रजी तपासताना तुम्ही जे म्हणता ते मला तोंडपाठ झालंय. विद्यार्थी मराठीत विचार करतो, तेच इंग्रजीत उतरवतो, म्हणून शब्दांचा क्रम बिघडतो आणि काळ घसरतो. हे पटकन पटतं, कारण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्याला इंग्रजी म्हणजे मराठी वाक्याचं दुसरं रूप अशीच सवय लावली. पण माझ्याकडे प्रबंधाचा मसुदा घेऊन येणारा मुलगा काही पाचवीतला नसतो. 'मी आंबा खाल्ला' याचं 'आय मँगो एट' असं करणारा पीएच.डी.चा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा इंग्रजीचा क्रम त्याच्या हाडीमासी खिळलेला असतो. तरीही त्याचे मसुदे वाचवत नाहीत, हेही खरं. मग त्याचा दोष मराठीच्या माथी कसा मारायचा? रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये सुचवलं होतं की दोन भाषांच्या रचना शेजारी ठेवल्या, तर शिकणारा कुठे अडखळेल ते आधीच सांगता येईल. पुढे लोकांनी प्रत्यक्ष चुका गोळा केल्या, तेव्हा भाकीत केलेल्या कित्येक चुका झाल्याच नव्हत्या आणि ज्या झाल्या होत्या त्यांतल्या कित्येकांचं भाकीत नव्हतं. तुमचं निदान मला त्याच जातीचं वाटतं.

आग्रही : 'आय मँगो एट' कुणी लिहीत नाही, हे मान्य. म्हणूनच मी ती चूक शोधत नाही. मी जे शोधते ते व्याकरणाच्या चाळणीतून सुटतं. तुमच्याच विभागातल्या मसुद्यातलं हे वाक्य बघा, विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवरचं : 'द वॉटर सॅम्पल्स फ्रॉम ट्वेंटी-फोर ओपन वेल्स ऑफ द तालुका ड्युरिंग मे, ऑक्टोबर अँड जॅन्युअरी फॉर नायट्रेट ॲनालिसिस वेअर कलेक्टेड.' व्याकरणाच्या पेपरात याला फार तर अर्धा गुण कापतील. पण 'सॅम्पल्स' आणि 'वेअर' यांच्यात १५ शब्द बसलेत. वाचणारा ते सगळे हातात धरून क्रियापदाची वाट बघतो आणि शेवटी त्याला मिळतं काय, तर 'कलेक्टेड', म्हणजे ज्यात काहीच नवं नाही असा शब्द.

आता हेच मराठीत म्हणा. 'तालुक्यातल्या २४ विहिरींमधून मे, ऑक्टोबर आणि जानेवारीत नायट्रेट तपासणीसाठी पाण्याचे नमुने गोळा केले.' कानाला कुठेही खटकत नाही. मराठी वाक्यात स्थळ, काळ, हेतू सगळं क्रियापदाच्या आधी येतं आणि ऐकणाऱ्याला त्याचा भार वाटत नाही, कारण क्रियापद शेवटी येणार हे त्याला ठाऊक असतं. शिवाय आपण ज्यावर जोर द्यायचा ते क्रियापदाला चिकटवून ठेवतो. 'मे महिन्यात नमुने गोळा केले' आणि 'नमुने मे महिन्यात गोळा केले' यांतला फरक तुम्हाला लगेच कळला. दुसऱ्या वाक्यात भर महिन्यावर आहे. विद्यार्थी इंग्रजीत क्रियापद शेवटी नेत नाही, तो फक्त सगळं सामान क्रियापदाच्या आधी भरतो. आणि कर्मणी प्रयोग त्याला तशी सोय करून देतो, कारण 'वेअर कलेक्टेड' शेवटी ठेवलं तरी वाक्य इंग्रजीच राहतं. मराठी क्रम असा इंग्रजी व्याकरणाच्या आडोशाला राहतो, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

साशंक : आडोसा छान सापडला. पण तोच आडोसा सगळ्या जगाने घेतलाय. कुठलंही संशोधनपत्र उघडा, लांबलचक कर्ता आणि शेवटी 'वॉज ऑब्झर्व्ह्ड', 'वॉज परफॉर्म्ड' हे ठरलेलं. ते लिहिणाऱ्यांत जन्मापासून इंग्रजी बोलणारेही आहेत. त्यांच्या डोक्यात कुठली मराठी? मला तर उलट वाटतं. विद्यार्थी मराठीतून उचलत नाही, तो वाचलेल्या पेपरांतून उचलतो. चांगला पेपर कसा असतो तर जड असतो, अशी त्याची समजूत झालेली असते. माझ्या हाताखाली पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली एक मुलगी आहे. घरी मराठी बोलते, पण मराठीत पत्रसुद्धा लिहिणार नाही. तिचे कर्तेही असेच पोट सुटलेले असतात. तिचं काय निदान कराल? आणि निदान काहीही असो, औषध एकच ना? कर्ता आणि क्रियापद जवळ आणा. मग मराठी मध्ये कशाला आणायची?

आग्रही : औषध एक नाही, म्हणून. तुमच्या त्या मुलीला आणि या मुलाला मी एकच गोष्ट करायला सांगते : कागद उलटा ठेवा आणि काय केलं ते मला तोंडी सांगा, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. मुलगी बहुधा इंग्रजीतच सांगेल, 'वी वेंट टू ट्वेंटी-फोर वेल्स, थ्री टाइम्स'. तिचं बोलणं सरळ आहे, फक्त लिहिताना तिने अंगरखा चढवलाय. तिला एवढंच सांगायचं की बोलतेस तसं लिही. हा मुलगा मराठीत सांगेल आणि त्याचं बोलणं सरळच असेल, पण त्याचा क्रम कागदावरच्या इंग्रजीशी घटकाघटकाने जुळेल. त्याला 'बोलतोस तसं लिही' म्हटलं, तर तो पुन्हा तेच लिहील, कारण तो बोलतो तसंच लिहीत होता! त्याला सांगावं लागतं की मराठीत वजन क्रियापदाच्या अलीकडे असतं, इंग्रजीत ते वाक्याच्या टोकाला असतं. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट'मध्ये शास्त्रीय लेखनावर एक लेख लिहिला होता. इंग्रजी वाचक वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटी जे येईल ते महत्त्वाचं मानतो, कर्त्यापाठोपाठ क्रियापद आलं नाही तर तो मधलं सगळं बिनमहत्त्वाचं समजून पुढे पळतो, असं त्याचं सार. विद्यार्थ्याला ते एकदा पटलं, की तो स्वतः विचारू लागतो : या वाक्यात मला शेवटी काय ठेवायचंय?

आणि त्याचं उत्तर मला ठाऊक नसतं. पुढचं वाक्य विहिरींबद्दल असेल, तर 'इन मे, ऑक्टोबर अँड जॅन्युअरी, वी कलेक्टेड वॉटर सॅम्पल्स फ्रॉम ट्वेंटी-फोर ओपन वेल्स'. पुढे ऋतूंची तुलना असेल, तर महिने टोकाला. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. नुसती शुद्धता तपासणारा यांतलं कुठलंही एक निवडेल आणि निम्म्या वेळा परिच्छेदाचा धागा तोडेल.

साशंक : क्रमाच्या बाबतीत तुमचं थोडं ऐकतो. पण काळाचा मामला वेगळा आहे आणि तिथे मराठीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी फाइल उघडून बघा. प्रबंधातलं कार्यपद्धतीचं प्रकरण कुठून येतं? सिनॉप्सिसमधून. नोंदणीच्या वेळी विद्यार्थी लिहितो, 'सॅम्पल्स विल बी कलेक्टेड'. मग सहामाही प्रगती अहवाल येतात, त्यांत 'सॅम्पल्स हॅव बीन कलेक्टेड अँड ॲनालिसिस इज गोइंग ऑन'. शेवटी प्रबंध लिहायची वेळ आली की तो या सगळ्या फाइलींतून उचलतो, बरेच 'विल' बदलतो, काही राहून जातात. एकाच पानावर भविष्य, वर्तमान आणि भूत नांदताना दिसतात आणि आपण म्हणतो, बघा, मराठीत विचार करतोय! तो विचार करतच नाहीये, तो कॉपी-पेस्ट करतोय.

दुसरं ठिकाण म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल. अकरावीपासून आपण मुलांकडून लिहून घेतो, 'टेन एमएल ऑफ द सोल्यूशन इज टेकन इन अ कॉनिकल फ्लास्क'. ती कृतीची भाषा झाली, पाककृतीसारखी. कुणीही, केव्हाही करावं अशी. प्रबंधात सांगायचं असतं ते त्याने त्या दिवशी काय केलं हे. पण टायट्रेशनचं नाव निघालं की हात आपोआप 'इज टेकन'कडे वळतो. तुम्ही कुठलाही मसुदा घ्या, विहिरीवर नमुने घेतले तिथवर भूतकाळ असतो आणि प्रयोगशाळेचं दार ओलांडलं की वर्तमानकाळ सुरू होतो. ही घसरण नव्हे, ते दोन वेगवेगळ्या वह्यांमधले सांधे आहेत. आणि मराठीचं म्हणाल, तर मराठीत 'नायट्रेट वाढलं' आणि 'नायट्रेट वाढतं' हा भेद स्वच्छ आहे. तो भेद न पाळणारा विद्यार्थी मराठीशीही बेइमानी करतोय.

आग्रही : फाइलींचं तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे आणि ते ओळखूही येतं. उसना तुकडा संपतो तिथे 'द' आणि 'अ' अचानक चुकायला लागतात. तशा सांध्यावर काळ बदलला असेल, तर मी मराठीचं नाव काढत नाही, 'ही फाइल कुठली' एवढंच विचारते. पण सांधा नसतानाही काळ हलतो, ते बघू.

याच मसुद्यात एका ओळीत आहे : 'द सॅम्पल्स हॅड बीन फिल्टर्ड अँड वेअर स्टोअर्ड ॲट फोर डिग्रीज.' हा 'हॅड' कुठून आला? आपण सहज म्हणतो, 'नमुने गाळले होते, मग ४ अंशांवर ठेवले.' 'मी काल पुण्याला गेलो होतो' म्हणताना आपण कशाच्या आधी गेलो होतो हे सांगत नसतो. गेलो, परत आलो, विषय संपला, एवढाच त्या 'होतो'चा अर्थ. इंग्रजीतला 'हॅड' मात्र वाचकाला दुसऱ्या एका घटनेची वाट बघायला लावतो. नमुने कशाच्या आधी गाळले होते? विहिरीवरच, थंड पेटीत ठेवण्याआधी? की प्रयोगशाळेत, मोजणीच्या आधी? नायट्रेटच्या बाबतीत मधल्या वेळात नमुन्यात काय काय घडू शकतं ते तुम्ही मला सांगाल. म्हणजे हा 'हॅड' पुसून टाकायचा की तिथे 'ॲट द वेल' घालायचं, हे मी माझ्या टेबलावर बसून ठरवू शकत नाही.

आता पुढचं वाक्य : 'इट वॉज फाउंड दॅट आफ्टर मॉन्सून नायट्रेट इज इन्क्रीज्ड.' याच्यावर मी बराच वेळ थांबते. मराठीत 'असं आढळलं की' म्हटल्यावर पुढचं वाक्य आपल्या मूळ काळातच राहतं. 'तो म्हणाला की मी येतो', यात 'म्हणाला'ने 'येतो'ला हात लावला नाही. इंग्रजीत 'फाउंड'च्या मागोमाग बहुतेक वेळा 'वॉज' येतो आणि लेखकाने मुद्दाम 'इज' ठेवला, तर वाचक त्याचा अर्थ लावतो की हे कायमचं सत्य म्हणून सांगितलं जातंय. आणि हे 'इज इन्क्रीज्ड' तरी काय आहे? तो वर्तमानकाळही नाही आणि कर्मणीही नाही. ते 'वाढलेलं आहे' आहे. 'लेलं'ने क्रिया संपल्याचं सांगितलं, 'आहे'ने ती स्थिती समोर ठेवली. त्यामुळे या एका वाक्यातून तीन दावे निघतात : पावसाळ्यानंतर आमच्या नमुन्यांत नायट्रेट वाढलं, दरवर्षी पावसाळ्यानंतर ते वाढतं, आणि पावसाळ्यानंतर ते चढ्या पातळीवर असतं, मग ते कधी का चढलेलं असेना. मराठीचा 'ला'-प्रत्यय मुळात क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, ती केव्हा झाली हे सांगायला तो बांधलेला नाही. म्हणून तर दारात उभं राहून आपण 'निघालो' म्हणतो आणि अजून चप्पलही घातलेली नसते. 'पाऊस पडला की विहीर भरते' यातला 'पडला' कुठल्या भूतकाळातला आहे?

साशंक : हे तीन दावे तुम्ही वेगळे केलेत ते बरं झालं, कारण माझा मुद्दा इथेच सुरू होतो. त्या मुलाकडे एकाच वर्षाची आकडेवारी आहे. 'दरवर्षी वाढतं' म्हणायचा त्याला अधिकारच नाही. 'आमच्या नमुन्यांत वाढलं' एवढंच तो म्हणू शकतो. आता समजा, तुम्ही त्याला विचारलंत, मराठीत सांग. तो म्हणेल, 'पावसाळ्यानंतर नायट्रेट वाढतं, सर.' अगदी स्वच्छ मराठीत, स्वच्छ चुकीचं! कारण तो तसंच मानतो. शेतातलं खत पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, हे त्याने पुस्तकात वाचलंय आणि स्वतःचे आकडे तो त्या वाचनाचा पुरावा म्हणून बघतोय. भरपूर पाऊस झाला तर विरळ होऊन ते कमीही होऊ शकतं, हा विचार त्याच्या मनाला शिवलेला नाही. इथे काळ घसरलेला नाही, तर्क घसरलाय. तुम्ही 'इज'चा 'वॉज' केलात, तर वाक्य बरोबर होईल आणि तर्क तसाच राहील, फक्त आता तो मला दिसणार नाही. चुकीचा काळ हा माझ्यासाठी तापासारखा आहे, तुम्ही तो उतरवून ठेवता.

आणि 'मराठीत विचार करतो' हेही मला पूर्ण मान्य नाही. प्रयोगशाळेत त्याचं बोलणं ऐका. 'सॅम्पल फिल्टर केला, ॲब्सॉर्बन्सचं रीडिंग घेतलं, कॉन्सन्ट्रेशन कॅल्क्युलेट केलं, इन्क्रीज झालंय.' ही कुठली मराठी? नामं सगळी इंग्रजी आणि क्रियापदं तीनच : करणं, घेणं, होणं.

आग्रही : थांबा, तुम्ही आत्ता जे म्हणालात ते माझ्या बाजूने जातं. नामं त्याच्याकडे इंग्रजीतूनच आलीत, म्हणून मसुद्यात ती सहसा चुकत नाहीत. 'स्पेक्ट्रोफोटोमीटर' तो झोपेतही बरोबर लिहील. क्रियापद मात्र त्याने प्रयोगशाळेत एकदाही इंग्रजीत वापरलेलं नाही. 'फिल्टर' हा शब्दसुद्धा त्याच्याकडे नामासारखा आहे, काळ दाखवायचं काम 'केला'ने केलं. इंग्रजी वाक्य लिहिताना ते काम प्रथमच 'फिल्टर'वर येऊन पडतं. म्हणून तो 'फिल्ट्रेशन वॉज डन' लिहितो, 'फिल्टर केला'सारखंच. सगळा ताण त्या एका 'डन'च्या आजूबाजूला जमतो आणि काळ तिथेच डळमळतो. तेव्हा 'मातृभाषेत विचार' हे तुम्हाला ढोबळ वाटत असेल, तर मी ते अरुंद करून सांगते : तो क्रियापदापुरता मराठीत विचार करतो.

साशंक : हे मी मान्य करेन. पण मग तुमचं तोंडी मराठीचं औषध लंगडं पडतं. 'मराठीत सांग' म्हटल्यावर तो 'इन्क्रीज झालंय' म्हणणार. 'झालंय'मधून तुम्ही काय काढणार? वाढलं की वाढलेलं असतं?

आग्रही : त्यातून काही काढायचं नाही, म्हणूनच मी तिथे थांबत नाही. मी त्याला पेन्सिल देते आणि फक्त पूर्ण क्रियापदांखाली रेघ मारायला लावते, दुसरं काही नाही. मग प्रत्येक रेघेसमोर समासात एक खूण करायची, तीनपैकी एक. 'आम्ही', म्हणजे हे आम्ही केलं किंवा आम्हाला मिळालं. 'सगळे', म्हणजे हे शास्त्रात मान्य आहे, आम्ही नसतो तरी खरंच असतं. 'पान', म्हणजे हे या कागदावर दिसतंय, तक्त्यात किंवा आकृतीत. 'आम्ही'ला भूतकाळ, उरलेल्या दोघांना वर्तमान. 'टेबल टू शोज' हे 'पान' आहे, तिथे वर्तमान बरोबरच. एका परिच्छेदात काळ एकच ठेवा असं जे शाळेत सांगतात, ते शास्त्रीय लेखनाला लागू नाही. शहाण्या परिच्छेदातही काळ दोन-तीनदा बदलतो, पण खूण बदलली म्हणून बदलतो. खूण तीच आणि काळ वेगळा, तिथे घसरण. आणि खूण करता येत नाही, पेन्सिल अडते, तिथे तुमचा तर्क. 'इज इन्क्रीज्ड'समोर त्या मुलाने आधी 'सगळे' लिहिलं, मग खोडून 'आम्ही' लिहिलं, मग माझ्याकडे बघत बसला. हे इंग्रजीने झालं नाही आणि मराठीनेही झालं नाही, त्या समासाने झालं. तुमचा ताप मी उतरवला नाही, सर, थर्मामीटर त्याच्या हातात दिला.

साशंक : आणि असं किती पानांवर करणार? प्रबंध दोनशे पानांचा असतो. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये उघडच लिहिलं होतं की परभाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या दुरुस्त्या करणं सोडून द्यावं, त्याने लेखन सुधारत नाही आणि वेळ वाया जातो. डाना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं, वादही झाला, पण लाल शाईने माखलेली पानं मुलं वाचत नाहीत हे कुठल्याही मार्गदर्शकाला विचारा. ती 'ॲक्सेप्ट ऑल' दाबतात. शिवाय मला दुसरी भीती वाटते. तुम्ही 'हॅड'मागचं 'होतं' उकलून दाखवता तेव्हा तो मुलगा काय शिकतो? की आपली मराठी ही इंग्रजीला लागलेली कीड आहे. आपण इंग्रजी बोलतो ते भारतीय इंग्रजी आहे, त्यातला सैल 'हॅड' देशभर चालतो. परीक्षकही इथलेच असतात. मग कुणासाठी दुरुस्त करायचं?

आग्रही : सैल 'हॅड' बोलण्यात चालतो आणि मी तो प्रस्तावनेत, ऋणनिर्देशात तसाच ठेवते. फक्त जिथे त्यामुळे घटनांचा क्रम बदलतो तिथे हात लावते. फेरिस यांचाही मुद्दा तोच होता की निवडून आणि स्पष्ट केलेल्या दुरुस्तीचं फळ वेगळं असू शकतं. म्हणून मी दोनशे पानं करत नाही. निष्कर्षांच्या प्रकरणातली दोन पानं त्याच्यासमोर करते, पुढचं त्याने स्वतः करायचं. आणि किडीचं म्हणाल, तर इंग्रजीला जे सांगायला दोन वेगळे शब्दप्रयोग लागतात ते मराठी एका 'च'ने सांगते, हे त्याला दाखवल्यावर तो उलट खुशच होतो. मात्र ते 'च' इंग्रजीत नेताना त्याला निवड करावी लागते. या मसुद्यातलं शेवटचं वाक्य वाचा : 'इन ऑक्टोबर ओन्ली नायट्रेट क्रॉस्ड द परमिसिबल लिमिट.'

साशंक : भारतीय मानकाची मर्यादा, लिटरला ४५ मिलिग्रॅम. काळ तरी बरोबर आहे.

आग्रही : काळ बरोबर आहे, जागा बरोबर नाही. 'ऑक्टोबरमध्येच मर्यादा ओलांडली.' मराठीत याचे दोन अर्थ. फक्त ऑक्टोबरात ओलांडली, मे आणि जानेवारीत नाही. किंवा जानेवारीची वाटसुद्धा बघावी लागली नाही, ऑक्टोबर उजाडला तेव्हाच ओलांडलेली होती. बोलताना सूर वेगळा लागतो, म्हणून घोटाळा होत नाही. कागदावर सूर नसतो. कुठलाही चांगला इंग्रजी संपादक 'ओन्ली' उचलून पुढे नेईल, 'ओन्ली इन ऑक्टोबर', आणि वाक्य चकचकीत करेल. तेव्हा त्याने दोनपैकी एक अर्थ मारून टाकलेला असतो आणि ते त्याला कळलेलंही नसतं. दुसरा अर्थ हवा असेल तर 'बाय ऑक्टोबर' किंवा 'ॲज अर्ली ॲज ऑक्टोबर', शब्दच वेगळे. मी काहीच बदललं नाही. तुमच्या तक्त्यातला जानेवारीचा रकाना बघितला.

साशंक : मग काय निघालं?

आग्रही : कांद्याच्या शेतांलगतच्या विहिरींमध्ये जानेवारीतही ४५ च्या वर आहे. बाकीच्या विहिरी खाली आल्यात. म्हणजे काही विहिरींना 'फक्त ऑक्टोबर' लागू, काहींना 'ऑक्टोबरपासूनच'. त्याच्या वाक्यात दोन्ही आहेत आणि एकही नाही.

साशंक : म्हणजे तो 'च' काही इंग्रजीतून हरवला नव्हता, मराठीतच ठरलेला नव्हता. त्याने विहिरी दोन गटांत वेगळ्या करून बघितल्याच नाहीत! हे वाक्य दुरुस्त करायचं म्हणजे तक्ता नव्याने मांडायचा, आणि कदाचित प्रकरणाचं शीर्षकही बदलायचं. मॅडम, हे काम तुमचं नाही. आणि खरं सांगायचं तर मी हा मसुदा वाचला तेव्हा ते वाक्य मला खटकलंही नव्हतं, कारण मीही ते मराठीतच वाचलं होतं.

आग्रही : म्हणून मी समासात 'कुठल्या विहिरी?' एवढं लिहून परत पाठवते आहे. 'ओन्ली' जिथे आहे तिथेच ठेवलाय.

साशंक : तो मुलगा 'ओन्ली' पुढे सरकवेल आणि तुमचा प्रश्न पुसून टाकेल. त्याला प्रबंध सादर करायची तारीख मिळालेली आहे. तुम्ही दुरुस्त करून दिलं असतंत तर निदान वाक्य तरी चुकीचं पण स्पष्ट झालं असतं, आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी ते पकडलं असतं.

आग्रही : आणि तोवर ते माझं वाक्य झालं असतं. त्याचा बचाव त्याने कसा करायचा? पुढचं प्रकरण पाठवताना क्रियापदांखाली रेघा त्याच्याच हाताने मारून पाठवा, खुणांसकट. नाहीतर पाठवू नका.

साशंक : रेघा मारून पाठवतो. खुणा मात्र मी त्याच्याकडून कोऱ्या ठेवून घेणार आहे. आधी त्या आमच्या आकडेवारीच्या बैठकीत भरल्या जातील, मग तुमच्याकडे येतील.

आग्रही : म्हणजे माझ्याकडे येईल तोवर काळ सगळे बरोबर असतील आणि तो ते का बरोबर आहेत हे तुम्हाला विचारून सांगेल.